वर्गाच्या पाहणीतून स्तंभालेख आणि वृत्तालेख : पहिल्यांदा शिकवणाऱ्यांसाठी

सहावीला गणित शिकवायला लागले त्या वर्षी वृत्तालेखाचा धडा मी सूत्रापासून सुरू केला होता. घटकाची संख्या भागिले एकूण संख्या, गुणिले ३६०. मुलांनी उदाहरणं बरोबर सोडवली, वर्तुळं काढून रंगवली, वह्याही नीटनेटक्या होत्या. शेवटी मी एका मुलीला सहज विचारलं, "या वर्तुळात तू एकटी कुठे आहेस? तुझी जागा किती अंशांची?" तिला सांगता आलं नाही. मग वर्गाला विचारलं, तर कुणालाच सांगता आलं नाही. सगळ्यांना गुणाकार येत होता, पण ते वर्तुळ म्हणजे आपलाच वर्ग आहे हे कुणाला दिसलं नव्हतं.

त्यानंतर मी धड्याचा क्रम उलटा केला. आधी वर्गाची स्वतःची पाहणी, मग कागदी पट्ट्यांचा स्तंभालेख, मग त्याच पट्ट्या वाकवून वर्तुळ, आणि सूत्र अगदी शेवटी. याला ३५ मिनिटांच्या चार तासिका लागतात. पाचवीला पहिले तीन टप्पे पुरेत. सहावी-सातवीला सगळे घ्या.

आपल्या गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. म्हणून फळ्यावर मी स्तंभालेखाच्या शेजारी बार ग्राफ आणि वृत्तालेखाच्या शेजारी पाय चार्ट अशी दोन्ही नावं पहिल्याच दिवशी लिहिते. नाहीतर दोन वर्षांनी मुलांना तीच गोष्ट नवीन वाटते.

लागणारं साहित्य

- प्रत्येक मुलासाठी एक कोरी चिठ्ठी
- प्रत्येकाची कंपासपेटी : पट्टी, कंपास, कोनमापक, टोक केलेली पेन्सिल
- आलेख कागद, किंवा चौकटीची वही
- पाच वेगळ्या रंगांचे घोटीव कागद, कात्री, डिंक
- गटाला एक मोठा पांढरा कागद आणि थोडा जाड दोरा

१. प्रश्न असा विचारा की प्रत्येक मूल एकदाच मोजलं जाईल

माझा आवडता प्रश्न म्हणजे मुलं शाळेत कशी येतात. उत्तरं पाच-सहाच येतात, ती प्रत्येकाला ठाऊक असतात आणि कुणाला लाज वाटत नाही. सकाळी काय खाल्लं, वडील काय करतात, असले प्रश्न टाळा. एकदा मी न्याहारीबद्दल विचारलं होतं. त्या दिवशी उपाशी आलेल्या मुलाने चिठ्ठीवर 'पावभाजी' लिहिलं. तो आकडा खोटा होता आणि तो खोटा सांगायला मीच त्याला भाग पाडलं होतं.

"शाळेत कशाने येतोस?" एवढंच विचारलं की गोंधळ सुरू होतो. आमच्या वर्गात चोडणची दोन मुलं आहेत. ती फेरीबोटीने रायबंदरला उतरतात आणि तिथून बस धरतात. त्यांनी दोन्हीकडे हात वर केला. एक मुलगी सकाळी वडिलांच्या स्कूटरवर येते आणि संध्याकाळी चालत जाते, तिनेही दोनदा केला. बेरीज ३३ आली आणि वर्गात मुलं तीस.

म्हणून प्रश्न असा घट्ट करा : *आज सकाळी घरून शाळेत येताना सर्वांत जास्त अंतर तू कशाने आलास?* 'आज' म्हटल्यामुळे कधी सायकल, कधी बस असं करणाऱ्यांचा प्रश्न सुटतो. 'सकाळी येताना' म्हटल्यामुळे जाणं वगळलं जातं. 'सर्वांत जास्त अंतर' म्हटल्यामुळे चोडणच्या मुलांना एकच उत्तर द्यावं लागतं, आणि ते बस हे आहे, कारण नदी ओलांडण्यापेक्षा पुढचा रस्ता लांब आहे.

हा खटाटोप वृत्तालेखासाठी आहे. वर्तुळ म्हणजे सगळा वर्ग. कुणी दोनदा मोजलं गेलं तर तो वर्ग उरतच नाही. मुलांना हे आत्ताच सांगू नका. प्रश्न का बदलला एवढंच वहीत लिहून ठेवायला सांगा. शेवटच्या टप्प्यात ते कामाला येतं.

उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. हात वर करायला सांगितलं की मुलं मैत्रिणीकडे बघून हात वर करतात आणि उशिरा खाली घेतात.

२. ताळ्याच्या खुणा

हे काम भरभर उरकतं. एक मूल चिठ्ठी वाचतं, दुसरं फळ्यावर खूण करतं. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर तिरपी. पाच-पाचचे गठ्ठे मोजायला सोपे जातात. बालरथ म्हणजे मुलांची ने-आण करणारी शाळेची बस. आमच्या सहावीची सारणी अशी आली :

| येण्याचं साधन | मुलं |
|---|---|
| बालरथ | ११ |
| चालत | ८ |
| पालकांची दुचाकी | ६ |
| बस | ३ |
| सायकल | २ |
| एकूण | ३० |

एकूण हजेरीइतकं आलं का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आलं नाही तर चिठ्ठ्या पुन्हा मोजा. सारणीत एक चूक राहिली की पुढचे दोन्ही आलेख वाया जातात. सारणीखाली तारीखही लिहायला लावा.

३. स्तंभालेख काढताना

आलेख कागदावर आडवी रेषा आणि उभी रेषा काढा. आडव्या रेषेखाली साधनांची नावं आणि उभ्या रेषेवर मुलांची संख्या येईल. आमची सर्वांत मोठी संख्या ११ आहे, म्हणून १ सेंटीमीटर म्हणजे १ मूल हे प्रमाण वहीच्या पानावर आरामात बसतं. सगळ्या शाळेची पाहणी असेल तर १ सेंटीमीटरला १० किंवा २० मुलं घ्यावी लागतील. प्रमाण कोपऱ्यात लिहायचंच.

इथे तीन चुका हमखास होतात. वर्गात फिरताना त्यांच्यावरच नजर ठेवा.

पहिली आणि सर्वांत खोलवरची चूक म्हणजे सारणीतल्या संख्याच उभ्या रेषेवर लिहिणं. मूल खालून वर २, ३, ६, ८, ११ असं समान अंतरावर लिहितं आणि प्रत्येक स्तंभ आपापल्या आकड्यापर्यंत नेतं. आकडे बरोबर दिसतात, त्यामुळे वही तपासताना ही चूक नजरेतून सुटते. पण त्या आलेखात २ आणि ३ मधलं अंतर ३ आणि ६ मधल्या अंतराइतकंच असतं. ओळखायची सोपी रीत सांगते. मुलाला विचारा, "४ कुठे आहे, बोट ठेव." जागा सापडली नाही तर रेषा चुकली. अशा वेळी रेषा खोडून ०, १, २, ३ पासून नव्याने लिहायला सांगा; डागडुजी करत बसू नका.

दुसरी चूक शून्याची. काही मुलं पहिल्या चौकटीच्या वरच्या रेघेऐवजी तळाच्या रेघेवरच १ लिहितात. मग प्रत्येक स्तंभ एका चौकटीने बुटका होतो आणि १ मूल असलेल्या साधनाचा स्तंभच उरत नाही. आकडा चौकटीला द्यायचा नसून रेघेला द्यायचा, आणि तळाची रेघ शून्याची, हे पट्टीवर दाखवा. पट्टीवरही १ चा आकडा १ सेंटीमीटर गेल्यावरच येतो.

तिसरी चूक स्तंभांच्या रुंदीची. रुंदी सारखी हवी आणि मधली फटही सारखी हवी. बालरथात मुलं जास्त म्हणून तो स्तंभ रुंदही केला की डोळा फसतो. फट सोडायची कारण बालरथ आणि सायकल यांच्यामध्ये काही नसतं. ती वेगवेगळी नावं आहेत. पुढे नववीला उंची किंवा गुण यांच्या वर्गांतरांचे चिकटलेले स्तंभ येतील, तिथे ते चिकटलेले असण्याला अर्थ असतो.

या ठिकाणी मी मुलांना विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाची गोष्ट सांगते. त्याने १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा आलेख काढला. इंग्लंडच्या व्यापाराची त्याच्याकडे अनेक वर्षांची माहिती होती, त्यामुळे तिथे त्याने वर्षानुवर्षं पुढे सरकणारी रेघ काढली. स्कॉटलंडची माहिती मात्र एकाच वर्षाची होती, मग रेघ कशी काढणार? म्हणून त्याने एकेका देशासाठी आयातीचा एक आणि निर्यातीचा एक असे स्तंभ काढले. वृत्तालेखही त्याचाच, १८०१ सालचा. ज्या गोष्टींना एकामागून एक असा क्रम नसतो त्यांच्यासाठी सुटे स्तंभ, हे मुलांच्या या गोष्टीतून चांगलं लक्षात राहतं.

आलेख पूर्ण झाल्यावर त्याच माहितीचा दुसरा आलेख मी फळ्यावर काढते. तो मी मुद्दाम चुकीचा काढते : उभी रेषा ० ऐवजी ६ पासून सुरू. त्यात बालरथाचा स्तंभ ५ चौकटींचा आणि चालणाऱ्यांचा २ चौकटींचा दिसतो. मुलं लगेच म्हणतात, बालरथवाले चालणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहेत. मग खरे आकडे बघतात, ११ आणि ८. दुचाकीचा स्तंभ तर गायबच झालेला असतो आणि बस, सायकल दाखवायला जागाच नाही. स्तंभाची उंची तुलना करायला असते, म्हणून ती शून्यापासूनच मोजायची, हे त्या फळ्यासमोर वेगळं समजवावं लागत नाही.

४. स्तंभांचं वर्तुळ करा

या टप्प्याला पूर्ण तासिका द्या. घाई केलीत तर नुसतं हस्तकाम उरेल.

गटागटाने काम करा. प्रत्येक मुलासाठी २ सेंटीमीटर लांबीची एक चौकट धरायची. बालरथाची पट्टी ११ चौकटींची, म्हणजे २२ सेंटीमीटर; चालणाऱ्यांची १६; दुचाकीची १२; बसची ६; सायकलची ४. रुंदी सगळ्यांची ३ सेंटीमीटर. प्रत्येक पट्टीला एका टोकाला १ सेंटीमीटर जास्तीचा कागद ठेवायला सांगा. तो डिंक लावून पुढच्या पट्टीच्या खाली जाईल. हा जास्तीचा कागद विसरला तर चिकटवताना चौकटी झाकल्या जातात आणि पुढचं सगळं माप चुकतं. माझ्या पहिल्या खेपेला पाचही गटांचं तसं झालं होतं.

चौकटींवर मुलांनी आपापल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. मग पट्ट्या शेजारीशेजारी उभ्या ठेवल्या की मघाचाच स्तंभालेख बाकावर तयार होतो. तो सगळ्यांनी नीट बघून घ्यावा.

आता पट्ट्या टोकाला टोक जोडून एक लांब पट्टी करा. लांबी ६० सेंटीमीटर भरली पाहिजे, मोजून बघा. मग दोन्ही टोकं जोडून कडं करा, अक्षरं बाहेरच्या बाजूला.

मोठ्या कागदावर साडेनऊ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ आधीच काढून ठेवलेलं असू दे. त्याचा परीघ ६० सेंटीमीटरला जवळजवळ येतो, २-३ मिलिमीटरच कमी पडतो. कंपासपेटीतला कंपास एवढा उघडला की सैल पडतो, म्हणून दोऱ्याचं एक टोक मध्यावर दाबून धरा आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधा. वर्गात तीसऐवजी वेगळी संख्या असेल तर पट्टीच्या एकूण लांबीला ६.२८ ने भागा, त्रिज्या मिळेल. हा भागाकार तुम्ही घरी करून या. मुलांना परीघाचं सूत्र अजून यायचं आहे.

कडं त्या वर्तुळावर उभं ठेवा. रंग जिथे बदलतो तिथे कागदावर खुणा करा, कडं उचला आणि प्रत्येक खूण मध्यबिंदूला पट्टीने जोडा. पाच पाकळ्यांचा वृत्तालेख समोर येतो, एकही कोन न मोजता. दरवर्षी या क्षणी वर्ग थोडा वेळ शांत होतो. माझ्या डोळ्यांसमोर मुलं कडं पुन्हा वर्तुळावर ठेवून बघतात.

मग तोच जुना प्रश्न विचारा : "तू कुठे आहेस?" मूल आपलं अक्षर शोधतं. त्याच्या चौकटीच्या दोन्ही कडांपासून मध्यापर्यंत रेघा मारायला सांगा आणि तो बारीक कोन मोजायला सांगा. कुणाचा ११ अंश येईल, कुणाचा १३, बऱ्याच जणांचा १२. फळ्यावर सगळ्यांची मापं लिहा आणि विचारा, सगळ्यांच्या चौकटी सारख्या असताना कोन वेगळे का? मापण्याची चूक, हे तीच सांगतात. मग नेमका किती असायला हवा? पूर्ण फेरी ३६० अंशांची, मुलं ३०. "टीचर, बारा," असं कुणीतरी म्हणतंच. सूत्र आता फळ्यावर लिहा, कारण ते आता मुलांचं झालेलं असतं.

५. कोनमापकाने वृत्तालेख

आता प्रत्येकाने वहीत स्वतंत्रपणे काढायचा. एका मुलाला १२ अंश, म्हणून :

- बालरथ : ११ × १२ = १३२ अंश
- चालत : ८ × १२ = ९६ अंश
- दुचाकी : ६ × १२ = ७२ अंश
- बस : ३ × १२ = ३६ अंश
- सायकल : २ × १२ = २४ अंश

बेरीज ३६० आल्याशिवाय कंपास हातात घ्यायचा नाही.

५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. याहून लहान वर्तुळात कोनमापक धरणं अवघड जातं. मध्यापासून सरळ वर एक त्रिज्या काढा. तिथून पहिला कोन मोजा आणि नवी त्रिज्या काढा. दुसरा कोन या नव्या त्रिज्येपासून मोजायचा. बरीच मुलं प्रत्येक कोन पहिल्याच रेषेपासून मोजतात आणि पाकळ्या एकमेकींवर चढतात. यावर उपाय म्हणजे वही फिरवणं : प्रत्येक वेळी नवी रेषा कोनमापकाच्या शून्याच्या रेषेवर येईल अशी वही फिरवायची. कोनमापक तिरका धरून मापायला गेलं की मध्य हलतो.

कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, आणि १३२ च्या जागी दुसऱ्या ओळीवर ४८ असतं. चुकीची ओळ वाचली की बालरथाची पाकळी चिंचोळी होते. मापायच्या आधी विचारायची सवय लावा : हा कोन काटकोनाहून मोठा की लहान? सर्वांत जास्त मुलं ज्यात येतात ती पाकळी पुस्तकाच्या कोपऱ्याहून अरुंद दिसली तर काहीतरी चुकलं आहे.

एखाद्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलं एकाच पाकळीत आली तर कोन १८० हून मोठा होईल आणि अर्ध्या कोनमापकावर तो बसणार नाही. तेव्हा बाकीच्या पाकळ्या आधी काढा; उरलेली जागा आपोआप मोठ्या पाकळीची.

आमच्या उदाहरणात शेवटची पाकळी सायकलची ठेवा आणि ती काढू नका, नुसती मोजा. ती २४ अंश भरायला हवी. २३ किंवा २५ आली तर ठीक. १८ आली तर आधीच्या चार मापांत मिळून ६ अंशांची चूक झाली आहे, ती शोधायची. लहान पाकळी शेवटी ठेवली की चूक डोळ्यांत भरते. १३२ अंशांच्या पाकळीत ६ अंश कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

रंग स्तंभालेखात वापरले तेच ठेवा. बालरथ तिथे निळा आणि इथे लाल केला तर दोन्ही आलेख शेजारी ठेवून काही वाचता येत नाही.

६. आकडा नीट भागला जात नाही तेव्हा

तीसचा वर्ग माझ्या सोयीचा होता. तुमच्या वर्गात तसं नसेल, आणि माझ्याही वर्गात ते दोन दिवसच टिकलं. तिसऱ्या दिवशी बालरथाने येणारा एक आणि बसने येणारा एक गैरहजर होता, आणि मुलांनी 'आजची' पाहणी पुन्हा करायचा हट्ट धरला. संख्या आल्या १०, ८, ६, २, २. एकूण २८. तीनशे साठला २८ ने भागलं तर १२.८५७ आणि पुढे संपतच नाही.

मुलांनी सुचवलं की १३ धरू. धरून बघू दिलं. १३०, १०४, ७८, २६, २६. बेरीज ३६४ आली. शेवटच्या पाकळीला ४ अंश कमी पडले. एका मुलाच्या कोनात एका अंशाच्या जेमतेम सातव्या भागाएवढी चूक होती, पण ती २८ वेळा मोजली गेली.

म्हणून पूर्णांक करायचा तो गुणाकार झाल्यावर. १० × ३६० भागिले २८ केलं की १२८.५७, म्हणजे १२९. तसंच चालणाऱ्यांचे १०२.८६ म्हणजे १०३, दुचाकीचे ७७.१४ म्हणजे ७७, बस आणि सायकल प्रत्येकी २५.७१ म्हणजे २६. आता बेरीज ३६१. एकच अंश जास्त. तो बालरथातून काढा, १२८ करा. कारण १२८.५७ चे १२९ करताना आपण तिथेच सर्वांत जास्त वाढवलं होतं, आणि मोठ्या पाकळीतला एक अंश दिसतही नाही. मुलांना सांगा की हा बदल वहीत लिहून ठेवायचा. लपवाछपवी नको.

७. आलेख वाचणं

इथे शब्द जपून वापरायला शिकवावे लागतात. बालरथाचा स्तंभ सर्वांत उंच आहे, म्हणून मुलं लिहितात, "बहुतेक मुलं बालरथाने येतात." तीसमधली ११ म्हणजे बहुतेक नव्हेत, निम्मीही नव्हेत. 'सर्वांत जास्त' आणि 'निम्म्याहून जास्त' हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला स्तंभालेखावर पटकन दिसतो, दुसरा वृत्तालेखावर : वर्तुळाच्या मध्यातून सरळ रेघ जाऊ शकेल एवढी पाकळी आहे का, बस्स. बालरथाची १३२ अंशांची पाकळी १८० पर्यंत पोहोचत नाही. कोणता आलेख कशासाठी, याचं उत्तर मुलांना इथेच मिळतं. बस आणि सायकल यांत एका मुलाचा फरक आहे. तो स्तंभांत लगेच दिसतो, पाकळ्यांत डोळे बारीक करून बघावं लागतं.

यानंतर शेजारच्या वर्गाची पाहणी आणा. आमच्या सातवीत २४ मुलं आहेत, म्हणजे एका मुलाला १५ अंश. बालरथ ८, चालत ७, दुचाकी ५, बस ३, सायकल १. दोन्ही वृत्तालेख एकाच त्रिज्येचे काढून भिंतीवर शेजारी लावा आणि आकडे झाकून ठेवा.

पहिला प्रश्न : बसने कुठल्या वर्गातली जास्त मुलं येतात? सगळे सातवी म्हणतात, कारण तिथली पाकळी ४५ अंशांची आणि सहावीतली ३६ अंशांची. आकडे उघडा : दोन्हीकडे तीन-तीनच. दुसरा प्रश्न चालणाऱ्यांचा. सातवीची पाकळी १०५ अंश, सहावीची ९६, पण मुलं सातवीत ७ आणि सहावीत ८. मोठ्या पाकळीत कमी मुलं! वृत्तालेख वाटा सांगतो, संख्या सांगत नाही. एकूण संख्या लिहिलेली नसेल तर दोन वर्तुळांतल्या मुलांची तुलना करताच येत नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात वृत्तालेखाखाली 'एकूण मुलं' लिहिणं सक्तीचं आहे.

आलेखात नसलेली कारणं मुलं भरभरून सांगतात. सायकलने दोघेच येतात "कारण मुलांना सायकल आवडत नाही." ही पाहणी आम्ही भर पावसात केली होती. आलेखाने फक्त त्या सकाळचं सांगितलं, का ते सांगितलं नाही. कारण शोधायचं असेल तर दिवाळीनंतर तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि दोन्ही तारखांचे स्तंभ शेजारी काढा. फरक पडला तरी कारण पाऊसच, हे ठरत नाही, पण विचारायला जागा होते.

सगळ्यात शेवटी मी असा प्रश्न देते ज्याचा वृत्तालेख होत नाही : *तुमच्या घरी कोणकोणत्या भाषा बोलतात?* आमच्याकडे आलं कोकणी २४, मराठी १५, हिंदी ५, कन्नड ३. मुलं सवयीने बेरीज करतात, ४७ येते आणि थबकतात. वर्गात तीसच जण. कुणीतरी पहिल्या दिवसाचं वहीतलं पान उघडतं, जिथे प्रश्न का बदलला ते लिहिलेलं असतं. इथे उत्तर चुकलेलं नाही, कारण एकेका घरात खरंच दोन-तीन भाषा आहेत. स्तंभालेख काढता येतो, प्रत्येक स्तंभ ३० पैकी किती हे सांगतो. वर्तुळ मात्र काढायचं नाही, कारण त्या पाकळ्या मिळून पूर्ण असं काय होणार?

गेल्या वर्षी एका मुलाने तो स्तंभालेख बघून स्वतःहून एक वाक्य लिहिलं. कोकणी आणि मराठी मिळून ३९ होतात, मुलं ३०, म्हणून निदान ९ घरांत दोन्ही भाषा आहेत. मग आम्ही चिठ्ठ्या पुन्हा काढून मोजल्या. अकरा निघाल्या.